पाहुण्यांचा साडेतीन पानी बायोडेटा आणि माझं सव्वा मिनिट

सेमिनार होऊन महिना झाला तरी त्या बायोडेटावरून झालेली खेचाखेच डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय. हॉल, माइक, निमंत्रण सगळं सुरळीत झालं. अडलं ते फक्त पाहुण्यांच्या परिचयापाशी, आणि तिथे तीन दिवस गेले.

विषय होता जुन्या पुलांची तपासणी, ऐकणारे आम्ही सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाची मुलं. पाहुण्या मॅडमचा बायोडेटा आला साडेतीन पानांचा. शिक्षण, ३८ शोधनिबंध, सात संस्थांचं सदस्यत्व, पुरस्कार, समित्या. कार्यक्रमाचे इन्चार्ज सर म्हणाले, "सगळं वाच, काही सुटलं तर पाहुण्यांना वाईट वाटेल." मी घरी मोबाइलवर वेळ लावून मोठ्यानं वाचून पाहिलं, साडेसहा मिनिटं लागली, आणि दुसऱ्या मिनिटाला माझंच लक्ष उडालं होतं.

मग लक्षात आलं की हा कागद ऐकणाऱ्यांसाठी लिहिलेलाच नाही. तो प्रमोशन नाहीतर निवड समितीसाठी असतो, तिथे प्रत्येक निबंधाला वजन असतं म्हणून सगळं भरतात. समोर बसलेल्या मुलाला एवढंच कळायला हवं असतं की या विषयावर यांचं का ऐकायचं आणि त्यात माझ्या कामाचं काय. मी पेन घेऊन प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारत गेले, हे कळल्यावर मुलं भाषण वेगळ्या कानांनी ऐकतील का? ३८ निबंध, नाही. सदस्यत्व, नाही. सुवर्णपदक, तेही नाही. आणि तिसऱ्या पानावर खाली, समित्यांच्या गर्दीत, एक ओळ सापडली की त्यांनी २२ वर्षांत २०० हून जास्त पुलांची प्रत्यक्ष तपासणी केलीय. सगळ्यात कामाची गोष्ट तिथे दडलेली! तेव्हापासून मी बायोडेटा शेवटच्या पानापासून वाचायला घेते, तुम्हीही घ्या.

सरांना ते पटेना. मी १३० शब्दांचा मजकूर दाखवला तर त्यांनी पेन्सिलनं चार पुरस्कार परत घातले, मी काढले, त्यांनी पुन्हा घातले. मला खरंच राग आला होता, कारण मजकूर परत तीन मिनिटांवर गेला होता आणि २०० पूल पुन्हा पुरस्कारांखाली गाडले गेले होते. शेवटी मार्ग निघाला तो असा, की पूर्ण परिचय कार्यक्रमपत्रिकेच्या मागे छापायचा आणि माइकवर फक्त माझा मजकूर. सर लगेच तयार झाले. त्यांना काळजी मान राखण्याची होती, आणि मान छापूनही राखता येतो हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

आणखी एक, पाहुण्यांना फोन कराच. मी केला म्हणून वाचले. मॅडमनी बोलताना सांगितलं की सुरुवातीच्या काळात त्या पुलाखाली जाऊन हातोडीनं काँक्रीट ठोकत फिरायच्या, चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं, आणि आतून थर सुटला असेल तर पोकळ, बद्द आवाज येतो. मी खूश, म्हटलं परिचयात हेच घेते. तर त्या म्हणाल्या, "अगं, ते नको सांगूस, माझं भाषण तिथूनच सुरू होतं." म्हणजे मी त्यांची सुरुवातच पळवणार होते. त्याच फोनवर कळलं की बायोडेटातलं पद दोन वर्षांपूर्वीचं आहे आणि आडनावातला 'ळ' मी 'ल' म्हणत होते.

शेवटी मी असं बोलले: "आपण पुलावरून रोज जातो, पण पूल कुठे खराब होतोय ते बहुतेक वेळा खालूनच दिसतं. पुढच्या सेमिस्टरला आपल्यालाही ऑडिटचा प्रोजेक्ट आहे, आणि आपल्यातल्या कुणीच अजून पूल खालून पाहिलेला नाही. आजच्या पाहुण्यांनी २२ वर्षांत २०० हून जास्त पूल असे पाहिलेत." मग त्यांचं सध्याचं काम दोन वाक्यांत, आणि नाव सगळ्यात शेवटी, म्हणजे टाळ्या नावावर पडतात आणि पाहुणे त्या टाळ्यांतच उठून येतात. "यांना परिचयाची गरज नाही" हे वाक्य मुद्दाम टाळलं, कारण मुलं त्यांना ओळखत नव्हती, म्हणून तर मी उभी होते.

सव्वा मिनिटात मी खाली बसले. मॅडमनी माइक घेतला, पिशवीतून छोटी हातोडी काढून टेबलावर ठेवली, आणि मागच्या रांगेतली मुलं ती बघायला उभी राहिली.