ट्रान्सक्रिप्ट परत पाठवली, पुढे काय?

मुलाखतींवर आधारित गुणात्मक संशोधन करणारे विद्यार्थी विचारतात: 'सगळ्या सहभागींना त्यांच्या मुलाखतीच्या ट्रान्सक्रिप्ट पाठवल्या, बहुतेकांनी "ठीक आहे" कळवलं. मेंबर चेकिंग झालं ना? मग गाइड ऑडिट ट्रेल आणि ट्रायँग्युलेशन कशाला मागतात?'

मेंबर चेकिंग म्हणजे संशोधन सहभागींकडूनच तपासून घेणं. झाली ती फक्त शब्दांची तपासणी. ट्रान्सक्रिप्ट परत पाठवल्यानं ऐकण्यातल्या चुका सापडतात, एखादी तारीख दुरुस्त होते. पण तुमचा दावा ट्रान्सक्रिप्टमध्ये नसतो, त्यातून तुम्ही लावलेल्या अर्थात असतो, आणि तो अर्थ सहभागींनी अजून पाहिलेलाच नाही. संशोधन पद्धतीचे अभ्यासक लिंकन आणि गुबा यांनी १९८५ मध्ये मेंबर चेकिंगला इतकं महत्त्व दिलं ते विश्लेषण आणि निष्कर्षही तपासून घेण्यासाठी. शिवाय वीस पानी ट्रान्सक्रिप्टवर आलेलं 'ठीक आहे' म्हणजे पुष्कळदा 'वाचलं नाही'.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. औषध देताना झालेली चूक नोंदवली का जात नाही, यावर बारा परिचारिकांच्या मुलाखती झाल्या. कोडिंगनंतर, म्हणजे उताऱ्यांना अर्थाप्रमाणे नावं दिल्यावर, थीम निघाली: 'शिक्षेच्या भीतीनं चूक लपवणं'. आता दोन पानांचा सारांश करा. प्रत्येक थीमखाली साध्या भाषेत तीन-चार वाक्यं, शेजारी लिहायला मोकळी जागा. अवतरणं जपून घ्या: छोट्या वॉर्डात एका लकबीवरूनही बोलणारी व्यक्ती ओळखू येते. 'हे बरोबर आहे का?' असं विचारू नका, त्याला होकारच येतो. 'तुमच्या अनुभवाशी काय जुळत नाही?' असं विचारा. वेळही सांभाळा. थीम आकाराला आल्यात पण अहवाल पक्का व्हायचा आहे, तेव्हा जा. फार उशीर केलात तर मधल्या काळात माणसाचं मतच बदललेलं असतं.

समजा तिघींनी लिहिलं: 'भीती आहेच. पण चुकीचा डोस रुग्णापर्यंत पोचायच्या आधी पकडला, तर आम्ही त्याला चूकच म्हणत नाही. लपवायचा प्रश्न येतो कुठे?'

इथे दोन टोकं टाळायची. त्या म्हणतात म्हणून थीम खोडायची नाही, आणि तिघीच आहेत म्हणून सोडूनही द्यायचं नाही. कोड केलेले उतारे परत काढा. भीतीचे बहुतेक उल्लेख रुग्णाला इजा झालेल्या प्रसंगांतले निघतात, आणि वेळेत पकडलेल्या चुकांचे उतारे 'न नोंदवणं' या एकाच कोडमध्ये कोंबलेले सापडतात. म्हणजे कोड सैल होता. एका थीमच्या आता दोन होतात.

हा फेरबदल कशावर टेकतो, ते ट्रायँग्युलेशननं, म्हणजे वेगळ्या प्रकारच्या स्रोतांशी ताडून, पाहायचं. त्याच वॉर्डातल्या आणखी चार परिचारिकांच्या तशाच मुलाखती घेतल्या तर साहित्य वाढतं, पण पाहण्याची जागा तीच राहते. इथे घटना-नोंदवही पाहा आणि पाळी बदलतानाचं हस्तांतरण ऐका. नोंदवहीत वेळेत पकडलेल्या चुका जवळपास नाहीत. पण त्या भीतीनं नाहीत की व्याख्येत बसत नाहीत म्हणून, हे वही सांगू शकत नाही. हस्तांतरणात मात्र त्याच चुका सहज, सगळ्यांदेखत सांगितल्या जात असतील, तर 'लपवणं' हा शब्द त्यांना लागू नाही. उलट प्रमुख परिचारिका म्हणतात, 'सगळं नोंदवायला सांगितलंय.' स्रोत एकमेकांशी जुळले नाहीत म्हणून विद्यार्थी घाबरतात आणि न जुळणारा गाळतात. इथे ती विसंगतीच मोलाची आहे: नियमातली चूक आणि वॉर्डातली चूक एक नाही.

हे सगळं घडलं त्याचा माग म्हणजे ऑडिट ट्रेल. रेकॉर्डिंग आणि ट्रान्सक्रिप्ट त्यात हव्यातच, पण सगळ्यात दुर्लक्ष होतं ते निर्णयांच्या नोंदींकडे. एक नोंद अशी असते:

'१४ मार्च. "न नोंदवणं" कोड फोडला: (अ) इजा झाल्यावर गप्प राहणं, (ब) वेळेत पकडलेली चूक. कारण: सहभागी ३, ७, ११ यांचा अभिप्राय. सर्व १२ ट्रान्सक्रिप्ट पुन्हा कोड केल्या. शंका: सहभागी ५ चा उतारा दोन्हींत बसतो.'

कोडबुकची जुनी आवृत्ती पुसू नका. नव्या नावानं नवी फाइल करा. परक्या माणसानं निष्कर्षातलं एक वाक्य उचललं, तर तुम्हाला फोन न करता त्याला मूळ उताऱ्यापर्यंत जाता आलं पाहिजे. प्रबंध संपताना आठवणीतून लिहिलेला ट्रेल चटकन ओळखू येतो: सगळे निर्णय सरळ रेषेत, शंका एकही नाही.

पद्धतीच्या प्रकरणात 'मेंबर चेकिंग केले' एवढंच वाक्य नको. सारांश किती जणींना दिला, किती जणींनी उत्तर दिलं, कोणती थीम बदलली आणि कोणता आक्षेप का मानला नाही, ते लिहा. उत्तरं पाचच आली असतील तर पाचच लिहा.