काउंटरवर आवाज स्वच्छ, फेरीबोटीत 'साठ'चे 'आठ'

पणजीच्या सर्व्हिस सेंटरने माझे इअरबड्स 'नो फॉल्ट फाउंड' असा शेरा मारून परत दिले, त्याचा राग अजून गेलेला नाही. काउंटरवरच्या मुलाने बड्स कानात घातले, एक गाणं ऐकलं, शेजारच्याला फोन लावला आणि म्हणाला, "मॅडम, आवाज मस्त आहे." पण मला ऐकू येत नाही अशी माझी तक्रार नव्हतीच. समोरच्याला माझं बोलणं नीट कळत नव्हतं. त्यात गाणं वाजवून काय कळणार? गाणं स्पीकरचं काम, माइकचा त्यात संबंधच नाही.

मी काजूच्या ऑर्डरी फोनवर घेते. रायबंदरहून चोडणला जाताना फेरीबोटीत कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला 'साठ डबे' सांगितले, त्यांनी 'आठ' लिहून घेतले. त्यातच ते म्हणाले, "वहिनी, माझाच आवाज मला परत ऐकू येतोय."

ही खरं तर दोन वेगळी दुखणी होती, आणि वर फेरीबोटीतला वारा. तिन्ही एकदम सांगितली की काउंटरवर कुणी ऐकून घेत नाही, म्हणून घरी एकेक सुटं करून पाहिलं.

प्रतिध्वनी लवकर सुटला. ज्याला तो ऐकू येतो त्याच्या फोनमध्ये बहुधा दोष नसतो, तो समोरच्या टोकाला तयार होतो. त्यांचा आवाज माझ्या बडच्या स्पीकरमधून निसटून त्याच बडच्या माइकमध्ये शिरत होता आणि ब्लूटूथ व नेटवर्कच्या विलंबामुळे त्यांना सुटा परत ऐकू जात होता. माझ्या डाव्या कानात रबरी टोपी सैल बसायची, म्हणून मी आवाज पूर्ण वाढवायचे. एक माप मोठी टोपी घातली, आवाज निम्म्यावर आणला, आणि तक्रार थांबली.

आवाज दबका येण्यावर मात्र सर्व्हिस सेंटर हटून बसलं. "ब्लूटूथमध्ये असंच येतं," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. कॉल सुरू झाला की बड्स गाण्याची जोडणी सोडून बोलण्याच्या जोडणीवर जातात. जुन्या पद्धतीत तिथे सेकंदाला 8,000 नमुने घेतात, म्हणजे 4,000 हर्ट्झच्या वरचं काहीच पलीकडे पोचत नाही. 'स'चा सीत्कार बराचसा त्याच्या वरच असतो. नव्या पद्धतीत 16,000 नमुने घेतात, तेव्हा तो बराच वाचतो. पण दोष जोडणीचा असता तर डावा आणि उजवा, दोन्ही बड सारखेच दबके यायला हवे होते.

म्हणून लॅपटॉपच्या साउंड सेटिंगमध्ये इनपुट म्हणून इअरबड्स निवडले आणि एक बड डबीत ठेवून दुसऱ्यावर "साठ, सात, शंभर" रेकॉर्ड केलं. मग अदलाबदल केली. उजव्यावर 'साठ' स्पष्ट, डाव्यावर 'आठ'. जोडणी तीच, खोली तीच, बोलणारी मीच. डाव्याच्या दांडीच्या टोकाला माइकचं बारीक छिद्र आहे. टॉर्च मारून पाहिलं तर आतली जाळी घाम आणि मळाने काळपट झाली होती, उजवीकडची चकचकीत होती. (फोनवर रेकॉर्ड करू नका. पुष्कळ रेकॉर्डर ॲप फोनचाच माइक वापरतात, मग पुरावा फुकट जातो.)

दोन्ही रेकॉर्डिंग घेऊन पुन्हा गेले. तो मुलगा परत गाणं लावायला लागला, तेव्हा मी सरळ म्हटलं, "भाऊ, आधी हे दोन ऐक, मग तुझ्या हेडला बोलाव." हेडने दोन्ही ऐकली, छिद्राकडे पाहिलं आणि वॉरंटीत डावा बड बदलून दिला. एवढं पहिल्याच दिवशी करता आलं असतं. जाळी साफ करायची तर कोरडा मऊ ब्रश वापरा, छिद्र खाली धरून. टाचणी घातली तर जाळी फाटते आणि वॉरंटीही जाते.

वाऱ्याला मात्र नवा बडही पुरा पडत नाही, आणि हा दोष कुणाचा नाही. बडमध्ये दोन माइक असले की तोंडाकडून येणारा आवाज दोन्हींवर जवळपास सारखा, किंचित मागेपुढे पोचतो. त्या फरकावरून बड तो ओळखतो आणि बाकीचा गोंगाट कमी करतो. वारा मात्र प्रत्येक छिद्राशी स्वतंत्र भोवरे करतो, दोन्हीकडचा आवाज जुळत नाही आणि हिशेब चुकतो. मग बड खालचे सूर कापायला लागतो, त्यासोबत आपला आवाजही पातळ होतो.

हाताने बड झाकून बोलू नका. छिद्रच बुजतं, शिवाय स्पीकरचा आवाज तळव्यावर आपटून माइककडे वळतो आणि बंद केलेला प्रतिध्वनी परत येतो. फेरीबोटीत मी आता केबिनच्या आडोशाला उभी राहते, ज्या कानावर वारा येतो तो बड डबीत टाकते आणि आडोशाच्या कानाने बोलते. आकडा सांगताना 'साठ, सहा शून्य' असं दोनदा सांगते.