चिकमगळूरच्या मळ्यावरून कॉफी आणताना

मागच्या खेपेला पावसाळ्यात चिकमगळूरला गेलो होतो, तेव्हा वाटेतल्या एका दुकानातून 'मळ्याची कॉफी' म्हणून अर्धा किलो पूड घेतली आणि घरी आल्यावर पाकिटामागच्या बारीक अक्षरांत चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळली जाणारी एका मुळाची पूड, ४० टक्के असल्याचे वाचले. म्हणून यंदा जानेवारीत, अरेबिकाची तोडणी संपत आलेली असताना, थेट एका मळ्यावर गेलो.

मिरीचे वेल चढलेले सिल्व्हर ओक पाहण्यासारखे असतातच, पण खरी माहिती मिळाली ती खळ्यावर. तिथे दोन प्रकारचा माल वाळत होता. एक फिकट पिवळसर टरफलाचा, म्हणजे फळाची साल यंत्राने काढून, आतला चिकटा आंबवून धुतलेला; त्याला तिथे 'पार्चमेंट' म्हणतात. दुसरा अख्खे फळच वाळवलेला, काळपट, त्याचे नाव 'चेरी'. मॅनेजरांनी मूठभर पार्चमेंट तळहातावर चोळले, फुंकर मारली आणि खालून निघालेली निळसर हिरवी बी पुढे केली. धुतलेल्या कॉफीची चव स्वच्छ आणि किंचित आंबट, तर चेरीची जड व गोडसर असते, त्यामुळे पाकिटात यांपैकी काय आहे हे विचारायलाच हवे. पोत्यांतही डोकावून घ्यावे. लाल फळांत हिरवी फार दिसली, तर कच्च्या बियांचा तुरटपणा कपात उतरतो.

मग मी विचारले, "तुमच्या इथल्या दुकानातली कॉफी याच मळ्याची का?" त्यांनी आढेवेढे न घेता सांगितले, की बहुतेक माल टरफल काढण्यासाठी आणि प्रतवारीसाठी क्युरिंगच्या कारखान्यात जातो, दुकानापुरता थोडा मागे ठेवून गावात भाजून घेतला जातो आणि खळ्यावरचे पीक अजून तयार नसल्याने पाकिटांत गेल्या वर्षीचे आहे. हे ऐकून माझा थोडा हिरमोड झाला, पण नीट साठवलेली कच्ची बी वर्षभर टिकते. कॉफी शिळी होते ती भाजल्यानंतर, आणि दळल्यावर तर फारच लवकर.

त्यामुळे खरेदीत मी भाजल्याची तारीख शोधली. समोरच्या सुबक डब्यांवर ती नव्हतीच. आतल्या फळीवर चार दिवसांपूर्वी भाजलेली साधी पाकिटे होती. त्यांतली धुतलेल्या अरेबिकाची, मध्यम भाजणीची, न दळलेली पाव-पाव किलोची दोन घेतली. दळून देऊ का, असे काउंटरवरच्या बाईंनी दोनदा विचारले, पण घरी लहान दळणयंत्र असल्याने नको म्हटले. कच्ची बीही स्वस्तात मिळत होती, मात्र भाजताना एका किलोचे जेमतेम साडेआठशे ग्रॅम उरतात आणि आमच्या स्वयंपाकघरात तो धूर कोणी खपवून घेतला नसता.