मागच्या टाळूतून दिसलेली गुठळी

बाळ सत्ताविसाव्या आठवड्यात जन्मलेलं, वजन ९४० ग्रॅम. चौथ्या दिवशी सकाळी एनआयसीयूतून फोन आला, "मॅडम, रात्री दोनदा श्वास थांबला आणि हिमोग्लोबिनही उतरलंय. डोक्याची सोनोग्राफी करून द्या." इतक्या लवकर आलेल्या बाळांना मेंदूत रक्तस्राव होतो तो बहुतेक पहिल्या तीन-चार दिवसांतच. त्यामुळे मशीन ढकलत वर नेतानाच मनात धाकधूक होती.

जेल आधी कोमट करून घेतलं. इन्क्युबेटरच्या खिडकीतून हात आत घातले आणि पुढच्या टाळूवर प्रोब अलगद टेकवला. डाव्या बाजूला कॉडेट आणि थॅलॅमस या मेंदूच्या दोन भागांमधल्या खाचेत एक पांढरा, गोल फुगवटा दिसला. ही खाच आम्ही सगळ्यात आधी बघतो. तिथे जर्मिनल मॅट्रिक्स नावाचा नाजूक थर असतो. त्यातल्या रक्तवाहिन्या इतक्या पातळ असतात की रक्तदाबातला चढउतारही त्यांना सोसत नाही. व्हेंट्रिकल म्हणजे मेंदूतली पाण्याची पोकळी. तिच्यातला कोरॉइड प्लेक्सस हा रक्तवाहिन्यांचा गुच्छही पडद्यावर असाच पांढरा दिसतो, पण तो या खाचेपर्यंत येताना निमुळता होतो आणि तिथेच संपतो. त्यापुढे पांढरा गोळा दिसला तर ते रक्तच.

रक्त फक्त त्या थरात असेल तर ग्रेड १. व्हेंट्रिकलमध्ये उतरलं, पण व्हेंट्रिकल फुगलं नाही, तर २. रक्ताने भरून फुगलं तर ३. शेजारच्या मेंदूतही रक्त असेल तर ४. १९७८ साली पापिल यांनी सीटी स्कॅनवरून केलेली ही वर्गवारी आजही रिपोर्टमध्ये वापरतात.

मी मनात "डावीकडे ग्रेड १" असं ठरवून टाकलं होतं. प्रोब उचलता उचलता नजर डाव्या कोरॉइडवर गेली. उजव्यापेक्षा तो जाडसर होता आणि कडा ओबडधोबड. रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारा कलर डॉप्लर लावला. कोरॉइडमध्ये रंगाचे ठिपके आले, त्याच्या मागच्या भागात आले नाहीत. पण एवढ्याशा बाळात प्रवाह मंद असतो, म्हणून रंग नाही म्हणजे गुठळीच, असं छातीठोक म्हणता येत नाही.

नर्सने बाळाचं डोकं हलकेच एका बाजूला वळवून धरलं आणि मी मागच्या लहान टाळूवर प्रोब ठेवला. बाळ उताणं असतं, त्यामुळे व्हेंट्रिकलमध्ये उतरलेलं रक्त मागच्या टोकाला, ऑक्सिपिटल हॉर्नमध्ये साचतं. तिथे कोरॉइड मुळी नसतोच. तरीही तिथे पांढरी गुठळी होती. पुढच्या टाळूतून हा कोपरा लांब पडतो आणि थोडंसं रक्त सहज निसटतं. गुठळीने व्हेंट्रिकलचा निम्म्याहून कमी भाग व्यापला होता, आणि भिंती कुठेही ताणलेल्या नव्हत्या. ग्रेड २ लिहिलं.

बाळाच्या वडिलांनी विचारलं, "दोनचं उद्या तीन, मग चार होईल का?" हे आकडे जिन्याच्या पायऱ्यांसारखे वाटतात, पण चौथा तसा नाही, हे त्यांना सांगितलं. व्हेंट्रिकलमधलं रक्त भिंत फोडून मेंदूत शिरतं असं नसतं. जर्मिनल मॅट्रिक्समधल्या गुठळीमुळे जवळची शीर तुंबते आणि तिच्या वाट्याच्या भागात रक्त साकळतं. आज तसं काही दिसत नव्हतं. पण येते काही दिवस पुन्हा बघावं लागणार होतं, तेही सांगितलं.

अकराव्या दिवशीच्या सोनोग्राफीत गुठळी आक्रसली होती, व्हेंट्रिकलच्या भिंती पांढुरक्या झाल्या होत्या आणि व्हेंट्रिकल मात्र रुंदावलं होतं. आमच्या रेसिडेंटने रिपोर्टमध्ये "ग्रेड ३" लिहिलं. ही चूक मला फार लागते, कारण ती अगदी समजण्यासारखी आहे. ग्रेड ३ मध्ये व्हेंट्रिकल रक्ताने फुगतं. इथे रक्त कमी झालं होतं, आणि मेंदूतल्या पाण्याचा निचरा अडल्याने रुंदी वाढली होती. ते ग्रेड वाढणं नव्हे, रक्तस्रावानंतरचा फुगवटा आहे. "ग्रेड ३" वाचून आईवडिलांना मोठा रक्तस्राव झाला असं सांगितलं गेलं असतं, आणि खरं काम बाजूला राहिलं असतं. ते काम म्हणजे माप घेत राहणं.

मधल्या रेषेपासून व्हेंट्रिकलच्या बाहेरच्या भिंतीपर्यंतचं अंतर चौथ्या दिवशी ९ मिमी होतं, आता १२. वयानुसार हे अंतर किती असावं ते दाखवणाऱ्या लेव्हीन यांच्या आलेखात हे त्या वयाच्या ९७व्या शतमानाच्या रेषेच्या वर जात होतं, पण तिच्याही वर ४ मिमीवर आखलेल्या धोक्याच्या रेषेच्या बरंच खाली होतं. रिपोर्ट बदलला: "डावीकडे ग्रेड २, त्यानंतरचा फुगवटा, दर तीन दिवसांनी माप." डोक्याचा घेर रोज टेपने मोजायचं नर्सनी स्वतःच ठरवलं.

चौदाव्या दिवशी १२.५. सतराव्या दिवशीही १२.५. त्या दिवशी मी माप तीनदा घेतलं, तिन्ही वेळा तेच आलं, आणि मग आईला आत बोलावलं.