मशीन शॉपला 49 मार्क

वाळूजला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. आमच्याकडं दर महिन्याला 5एसचं, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या पद्धतीचं, ऑडिट होतं आणि आपल्याच डिपार्टमेंटचं ऑडिट कुणी करायचं नाही असा नियम आहे. दिवाळीनंतर माझ्या वाट्याला मशीन शॉपची सीएनसी लाइन आली. आधीच्या ऑडिटला तिला 78 मार्क होते. मी 49 दिले. त्यावरून जी वादावादी झाली तीत मार्क कसे द्यायचे हे मला जास्त कळलं, ट्रेनिंगला दाखवलेल्या स्लाइडपेक्षा.

78 कुठून आले ते आधी सांगतो. ते ऑडिट खंडेनवमीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झालं होतं. आपल्याकडं खंडेनवमीला मशीन धुऊन-पुसून, हार घालून, नारळ फोडून पूजा होते. त्या आठवड्यात कुठलंही शॉप चकाचकच दिसणार. माझं मत विचाराल तर तेव्हा ऑडिट ठेवूच नये.

आमच्या शीटमध्ये निवड, मांडणी, स्वच्छता, ठरलेली पद्धत आणि शिस्त यांचे पाच-पाच प्रश्न असतात. प्रत्येक प्रश्नाला 0 ते 4 मार्क, म्हणजे एका भागाला 20 आणि एकूण 100. काहीच नसेल तर 0, कुठंतरी सुरुवात दिसली तर 1, निम्म्या जागी असेल तर 2, बहुतेक जागी असेल तर 3. चार मार्क द्यायचे तर सगळीकडं दिसलं पाहिजे आणि टिकवल्याची नोंदही पाहिजे. कागदावर सोपं वाटतं. भांडण होतं ते 2 आणि 3 च्या मध्ये.

निवडीला मी 13 दिले. लाइन तशी मोकळी होती. पण नको असलेल्या वस्तूंना लाल टॅग लावून ठेवायच्या जागेत पार्ट पकडायचं एक जुनं फिक्श्चर पडलं होतं आणि त्याच्या टॅगवर उन्हाळ्यातली तारीख. टॅग लावला म्हणजे काम झालं असं सगळ्यांना वाटतं. ते स्क्रॅपला जाणार की स्टोअरला, हे ठरवणाऱ्याची सही आणि मुदत दोन्ही कोरे. मग ड्रॉवर उघडायला सांगितले. ऑडिटरनं स्वतः ड्रॉवर ओढू नये, ज्याचा आहे त्यालाच उघडायला सांगावं. एकात नवीन आणि घासलेले इन्सर्ट, म्हणजे धातू कापायच्या टूलची बदलायची टोकं, एकाच डबीत निघाले. हा नुसता पसारा नाही, रात्रपाळीत चुकून घासलेला इन्सर्ट बसला तर साइज जाते आणि पार्ट रिजेक्ट होऊन आमच्याकडंच येतो.

मांडणीत खरी जुंपली. तिथं मी 30 सेकंदांची चाचणी घेतो. लाइनवरच्या एका जुन्या ऑपरेटरला म्हणालो, ‘मामा, 8 ची अॅलन की द्या बरं.’ मामांनी खिशात हात घातला आणि दोन सेकंदांत की माझ्या हातावर ठेवली. मागं बोर्डावर अॅलन कीचे आकार रंगवलेले, 8 चा आकार रिकामा.

‘बोर्डावरची कुठंय?’

‘तीच ही. बोर्डावर ठिवली की दुसऱ्या पाळीत गायब होते, साहेब. मग जॉ बदलायचे कशानं?’

सुपरवायझर म्हणाला, ‘सर, की दोन सेकंदांत मिळाली ना? चार मार्क द्या.’ मी 1 दिला. कारण ही चाचणी मामांची नाहीच. मामा सुट्टीवर असताना नवा पोरगा आला तर त्याला ती की कुणालाही न विचारता मिळेल का, एवढंच त्यात बघायचं असतं. मामांचा खिसा ही काही नेमलेली जागा नव्हे. आणि मामांचंही बरोबर होतं: चार मशीनला मिळून एकच सेट असेल तर हुशार माणूस तो खिशातच ठेवणार. म्हणून मार्काशेजारी ‘ऑपरेटर जागेवर ठेवत नाहीत’ असं न लिहिता ‘सेट कमी, पाळी बदलताना मोजणी नाही’ असं लिहिलं. मांडणीला एकूण 10.

स्वच्छता वरवर चांगली होती. मी मशीनच्या पुढून बघत नाही, मागं जाऊन खाली पांढरी चिंधी फिरवतो. एका मशीनच्या मागं कूलंट थेंब-थेंब गळत होतं, त्याखाली ट्रे होता आणि तो प्रत्येक पाळीत रिकामा करून पुसला जात होता. इतकं नेटकं काम की मार्क कापायला जीवावर आलं. पण प्रश्न घाणीचा उगम बंद केला का असा आहे, ट्रे पुसला का असा नाही. गळतीवर टॅग नव्हता, मेंटेनन्सला कळवल्याची नोंदही नव्हती. त्या प्रश्नाला 2. शटरकडच्या काळ्या मातीचंही तेच: मागच्या आवारात काँक्रीट नाही, त्यामुळं फोर्कलिफ्टच्या टायरला चिकटून माती आत येते. ती कितीही झाडा, परत येणारच. एकूण 13.

ठरलेल्या पद्धतीला फक्त 7. साफसफाईची चेकशीट महिनाभर भरलेली, एकही खूण चुकलेली नाही. तिन्ही पाळ्यांच्या खुणा एकाच पेनाच्या, एकाच वळणाच्या. मग मी कॅलेंडर काढलं तर दिवाळीच्या सुट्टीतही, प्लांटला कुलूप असताना, तिन्ही पाळ्यांनी साफसफाई केलेली! सुपरवायझरही हसला. चेकशीट खरी आहे का हे बघायला इतकी सोपी युक्ती दुसरी नाही.

शिस्त एका फेरीत दिसत नाही, म्हणून तिचे मार्क मी शेवटी आणि दोन गोष्टींवरून देतो. पहिली म्हणजे मागच्या ऑडिटचे मुद्दे. सगळ्यांपुढं ‘पूर्ण’ लिहून फोटो चिकटवलेले होते. फोटो हातात घेऊन त्या-त्या जागी उभा राहिलो, तर निम्मे मुद्दे परत जैसे थे. दुसरी म्हणजे पाळी बदलायची वेळ. दुपारी तीनच्या आधी जाऊन कोपऱ्यात उभा राहिलो. नियमाप्रमाणं शेवटची दहा मिनिटं साफसफाईची. पण शेवटच्या तासाचं टार्गेट पूर्ण साठ मिनिटांचं, आणि सुटल्यावर बस लगेच निघते. गंगापूरकडं जाणाऱ्या पोरांची ती बस चुकली तर काळी-पिवळीत लोंबकळत जावं लागतं. कोण झाडत बसेल? मी 6 दिले आणि शेरा प्लॅनिंगच्या नावावर टाकला.

बेरीज 49. मीटिंगमध्ये मशीन शॉपचे हेड चिडले, आणि त्यांचा एक मुद्दा बिनतोड होता: ‘माणूस बदलला की मार्क बदलतात, मग ह्या आकड्याला अर्थ काय?’ म्हणून मागचा ऑडिटर आणि मी दोघं परत लाइनवर गेलो. एकमेकांना न दाखवता मार्क लिहिले आणि जिथं एकापेक्षा जास्त फरक आला तिथंच थांबून बोललो. निवड आणि स्वच्छतेत आमचं जवळपास जुळलं. फरक सगळा शेवटच्या दोन भागांत होता, कारण तो चेकशीट भरलीय का हे बघत होता आणि मी ती खरी आहे का हे. त्यानंतर शीटमध्ये त्या प्रश्नांपुढं पुरावा काय बघायचा याची एकेक ओळ आली, आणि खंडेनवमीचा आठवडा ऑडिटच्या कॅलेंडरमधून वगळला.

पुढच्या ऑडिटला लाइनला 63 मिळाले. प्रत्येक मशीनला अॅलन कीचा वेगळा सेट आला आणि पाळी बदलताना दोघं मिळून तो मोजतात. शेवटच्या तासाचं टार्गेट पन्नास मिनिटांचं झालं. गळतीवर टॅग लागलाय, पण सील अजून आलेलं नाही, त्यामुळं तिथं पुन्हा 2 च दिले.