एकशे अकरा शब्दांत आमचा रस्ता

आमच्या गावापासून फाट्यापर्यंतच्या रस्त्याबद्दल मी पहिलं पत्र लिहिलं ते रागात लिहिलं. सकाळची एसटी फाट्यावरूनच परत जायला लागून पंधरवडा झाला होता, आणि माझी पुतणी रोज दप्तर पाठीला लावून चिखलातून चालत जात होती. लिहायला बसलो आणि चारशेच्या वर शब्द झाले. वर्तमानपत्राच्या वाचकांच्या पत्रांच्या सदराखाली स्पष्ट छापलेलं असतं, मर्यादा 120 शब्द. मला वाटलं, विषय गंभीर आहे, घेतील. दोन आठवडे रोज पान उघडून पाहिलं. नाही आलं.

मग तालुक्याला एका निवृत्त उपसंपादकांकडे तो कागद घेऊन गेलो. त्यांनी पेन्सिल घेतली आणि न विचारता खोडायला सुरुवात केली. ‘आपल्या लोकप्रिय दैनिकाद्वारे मी शासनाचे लक्ष वेधू इच्छितो’ गेलं. ‘रस्त्यात खड्डा की खड्ड्यात रस्ता’ गेलं, म्हणाले, "हे वाक्य मी नोकरीत असताना दर पावसाळ्यात येत होतं." टक्केवारी आणि संगनमताबद्दलचा पूर्ण परिच्छेद गेला. "पुरावा आहे का? नाही ना? मग हे छापून पेपर कशाला अडचणीत येईल? या एका परिच्छेदामुळे अख्खं पत्र टोपलीत गेलं असणार." मला वाईट वाटलं, कारण तोच परिच्छेद मला सगळ्यात आवडला होता.

खाडाखोड झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे पत्र वाचून नेमकं कोणी काय करायचं?" मी म्हणालो, रस्ता दुरुस्त करायचा. ते म्हणाले, "कोणी? कुठल्या पैशातून? या दोन प्रश्नांची उत्तरं पत्रात नसतील तर साहेब कात्रणावर ‘निधी उपलब्ध होताच’ असं लिहून फाइल बंद करतात."

उत्तर रस्त्याच्या तोंडाशीच उभं होतं. मोटरसायकलवरून रोज ज्याच्या बाजूने जातो तो फलक मी आयुष्यात पहिल्यांदा थांबून वाचला. अर्धा वेलींनी झाकलेला होता, हाताने बाजूला सारावा लागला. योजना, लांबी, ठेकेदार, काम पूर्ण झाल्याची तारीख, आणि खाली वर्षवार देखभालीचा खर्च. पंतप्रधान ग्राम सडक योजनेतल्या रस्त्याची नियमित देखभाल पुढची पाच वर्षं ज्याने रस्ता केला त्याच ठेकेदाराने करायची असते, आणि ते मूळ करारातच असतं. आमची पाच वर्षं मार्च 2027 पर्यंत होती. म्हणजे ‘निधी नाही’ हे उत्तर इथे चालणारच नव्हतं. माझ्या चारशे शब्दांत ही गोष्ट कुठेच नव्हती. (फलक नसेल किंवा गंजलेला असेल तर दहा रुपयांच्या माहिती अधिकाराच्या अर्जाने तीच माहिती मागता येते. महाराष्ट्रात त्या अर्जालाही 150 शब्दांची मर्यादा आहे, म्हणजे सराव होतोच.)

दुसरी गोष्ट मोजण्याची. ‘असंख्य खड्डे’ लिहिलं की वाचणारा पुढे सरकतो. रविवारी मी आणि पुतणी दोन मोऱ्यांमधला सगळ्यात खराब किलोमीटर चालत गेलो. ती वहीत रेघा मारत होती, मी कंपासपेटीतली पट्टी खड्ड्यात उभी धरत होतो. नऊ ठिकाणी पट्टी पाण्याखाली दिसेनाशी झाली. चालताना एक गोष्ट ध्यानात आली, ती गाडीवरून कधी आली नसती. दोन्ही बाजूंची साइडपट्टी माती आणि गवत साचून रस्त्यापेक्षा उंच झाली होती. पाणी शेताकडे उतरायच्या ऐवजी डांबरावर उभं राहत होतं, आणि डांबर पाण्यापुढे टिकत नाही. नुसते खड्डे भरले असते तर पुढच्या पावसात तिथेच पुन्हा पडले असते.

तिसरी अडचण महिन्याची होती. ऑगस्टमध्ये ‘ताबडतोब डांबरीकरण करा’ म्हणणं म्हणजे अभियंत्याच्या हातात नकार देणं. भर पावसात ते काम होत नाही आणि त्यांना ते माहीत असतं. म्हणून आता होईल ते आता मागायचं, आणि नंतर होईल त्याची तारीख मागायची.

शेवटी पाठवलेलं पत्र असं होतं. गावाची नावं इथे गाळली आहेत.

‘आमच्या गावापासून तालुक्याच्या फाट्यापर्यंतचा चार किलोमीटरचा रस्ता पंतप्रधान ग्राम सडक योजनेतून झाला. फलकानुसार काम मार्च 2022 मध्ये संपले आणि मार्च 2027 पर्यंत देखभाल त्याच ठेकेदाराकडे आहे. म्हणजे दुरुस्तीसाठी नवा निधी लागत नाही.

तरीही दोन मोऱ्यांच्या मधल्या एका किलोमीटरमध्ये 11 ऑगस्टला आम्ही 43 खड्डे मोजले. त्यातल्या नऊ खड्ड्यांत 15 सेंटिमीटरची पट्टी पूर्ण बुडाली. साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झाल्याने पाणी डांबरावरच साचते. जुलैपासून सकाळची एसटी फाट्यावरूनच परत जाते. 26 मुले शाळेसाठी चार किलोमीटर चालतात.

पावसात डांबरीकरण होत नाही, हे मान्य. पण चर खणून पाणी काढणे आणि खड्ड्यांत खडी भरणे आत्ताही शक्य आहे. ही कामे विभागाने ठेकेदाराकडून याच महिन्यात करून घ्यावीत आणि डांबरी पॅचवर्कची तारीख जाहीर करावी.

गावातल्या दोघांचे हात मोडले. तिसऱ्याची वाट पाहू नये.’

एकशे अकरा शब्द. शेवटचं वाक्य मुद्दाम ठेवलं होतं. उपसंपादक म्हणाले होते, "जागा कमी पडली की खालून कापतात. मागणी शेपटाला ठेवू नकोस, तिच्याखाली कापायला काहीतरी ठेव." मराठीत एक सोय आहे, ‘फाट्यावरूनच’ हा एकच शब्द मोजला जातो. पण माझ्या पहिल्या मसुद्यात ‘गावा पासून’, ‘रस्त्या वर’ असं तोडून लिहिलेलं होतं. चूक ती चूक, वर शब्दही वाया.

पत्र ईमेलमध्येच युनिकोडमध्ये टाइप केलं, जोडलेली फाइल नाही. पहिल्या वेळी मी कागदाचा तिरपा फोटो पाठवला होता, तो कोण पुन्हा टाइप करत बसणार! खाली पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल नंबर. फलकाचा फोटो सोबत जोडला, छापण्यासाठी नव्हे तर खात्रीसाठी. पेपरमधून फोनही आला, पत्र दुसरीकडे पाठवलंय का एवढंच विचारलं.

सहाव्या दिवशी छापून आलं. मथळा त्यांनी दिला, ‘रस्त्याची दुरवस्था’, तो मला अजिबात आवडला नाही. आणि शेवटचं वाक्य खरंच कापलेलं होतं.

कात्रण आणि फलकाचा फोटो लावून उपअभियंत्यांच्या नावे अर्ज दिला, आवकजावकचा शिक्का दुसऱ्या प्रतीवर घेतला. दहा दिवसांनी एक जेसीबी आला आणि त्याने साइडपट्टी खरवडून तीन ठिकाणी चर काढले. खडी म्हणून जे आलं त्यात निम्मा मुरूम होता, तो पुढच्या मोठ्या पावसात वाहून गेला. पण पाणी आता उभं राहत नाही. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एसटी गावात आली.

पॅचवर्कची तारीख अजून जाहीर झालेली नाही. पुढच्या पत्राचा मसुदा 64 शब्दांचा झाला आहे.