किलोवरून मीटरवर : आमच्या छोट्या फर्मची वाटचाल

आमची फर्म सुरू झाली ती निळ्या कॅनमधून. भांडुपला भाड्याचा एक गाळा, त्यात कूलिंग टॉवरच्या केमिकलचे ३५ लिटरचे कॅन रचलेले, आणि डिलिव्हरीला मेहुण्याचा टेम्पो. मुलुंडपासून साकीनाक्यापर्यंत जिथे जिथे गाळ्यांच्या छपरावर पंखा फिरताना दिसेल तिथे जिना चढून जायचं, टॉवरमध्ये हात घालून जाळीवरचा पांढरा खार नखाने खरवडायचा आणि खाली येऊन मालकाला दाखवायचा. खार दाखवला की केमिकल विकलं जायचं. बिल किलोवर. त्यामुळे कुणाचं केमिकल जास्त खपतं याचा हिशोब आमच्याकडे असायचा, का खपतं हे कुणी विचारत नसे.

हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो साकीनाक्याच्या एका प्लास्टिक मोल्डिंगवाल्यांनी. तिन्ही पाळ्या चालणारा कारखाना, मशीनच्या हायड्रॉलिक ऑईलला थंड ठेवायला गच्चीवर टॉवर. ते म्हणाले, "साहेब, माझ्या शेजारच्याकडे एवढाच टॉवर आहे, त्याला महिन्याला पाव कॅनही लागत नाही. माझा कॅन कोण पितो?"

टॉवरचं गणित तसं सोपं आहे. टॉवर पाणी गार करतो ते थोडं पाणी वाफ करून. वाफेबरोबर फक्त शुद्ध पाणी जातं, त्यातले क्षार मागेच राहतात, म्हणून फिरणारं पाणी दिवसेंदिवस घट्ट होत जातं. भरणीच्या पाण्यापेक्षा ते किती पट घट्ट झालं त्याला सायकल म्हणतात. ते फार घट्ट होऊ नये म्हणून थोडं पाणी मुद्दाम सोडायचं, तो ब्लोडाऊन; कामगारांच्या भाषेत ड्रेन मारणं. वाफ आणि ड्रेन मिळून जेवढं गेलं तेवढं नव्याने भरायचं, तो मेकअप.

वाफ किती होते हे मीटरशिवायही काढता येतं. फिरणारं पाणी टॉवरमध्ये साडेसहा अंश गार होत असेल तर त्यातलं साधारण एक टक्का उडून जातं. या कारखान्यात ताशी ३० घनमीटर पाणी फिरत होतं आणि जाता-येतानाच्या तापमानात ५ अंशांचा फरक होता. म्हणजे ताशी सुमारे २३० लिटर, दिवसाला साडेपाच हजार लिटर वाफ. ही वाफ चुकवता येत नाही, मशीनची उष्णता तिच्याबरोबरच जाते. आपल्या हातात असतो तो फक्त ड्रेन, आणि त्याचं सूत्र एका ओळीचं: ब्लोडाऊन = वाफ ÷ (सायकल − १).

मी खिशातला कंडक्टिव्हिटी मीटर काढला, पाण्यात क्षार किती याचा अंदाज तो देतो. भरणीचं पाणी महापालिकेचं, म्हणजे भातसा-वैतरणा-तानसाकडून येणारं तलावाचं पाणी, स्वभावाने हलकं. मीटरवर १५० मायक्रोसीमेन्स. टॉवरच्या बेसिनमध्ये ३०५. म्हणजे सायकल जेमतेम दोन.

ऑपरेटरला विचारलं, ड्रेन किती वेळ मारता? तो म्हणाला, मारतच नाही, व्हॉल्व्ह गंजून बसलाय, हँडलच फिरत नाही.

मला खरी गंमत इथे वाटते. सूत्र उलट फिरवलं की ते गळती मोजून देतं. सायकल दोन म्हणजे वाफेएवढंच पाणी कुठूनतरी बाहेर पडतंय, रोज साडेपाच हजार लिटर, आणि ड्रेन व्हॉल्व्ह तर बंद आहे. पाणी दिसत नसलं तरी क्षार खोटं बोलत नाहीत. बेसिनमध्ये साचायला हवे होते ते साचले नाहीत, म्हणजे ते निघून गेले.

आमच्या मालवणी मेकॅनिकमामांनी गच्चीवर बसून पाइप न्‌ पाइप हाताने चाचपला. बेसिनचा ओव्हरफ्लो थेट ड्रेनच्या पाइपाला जोडलेला होता आणि तो पाइप भिंतीतून खाली गटारात. त्यामुळे ओव्हरफ्लो होतोय की नाही हे कुणाला दिसायचा प्रश्नच नव्हता. मामांनी पाइपाचा जोड खोलून खाली बादली धरली. २० लिटरची बादली आठ मिनिटांत भरली. दिवसाला ३,६०० लिटर. कारण काय, तर मेकअपचा बॉल कॉक. त्याचा दांडा कुणीतरी वर वाकवला होता, पाण्याची पातळी ओव्हरफ्लोच्या तोंडाला टेकली तरी तो बंद व्हायचा नाही. उरलेल्यापैकी ६०० लिटर पंपाच्या ग्लँडमधून, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीच्या पॅकिंगमधून, जात होते. आणि १,३०० लिटर? पंपाच्या डिलिव्हरीवरून एक अर्ध्या इंचाची लाइन निघाली होती, ती सापडली संडासाच्या टाकीवर. पाणीकपातीच्या एका उन्हाळ्यात कुणा सुपीक डोक्याच्या सुपरवायझरने ती जोडली होती.

दांडा सरळ केला, ग्लँड भरला, ओव्हरफ्लोचा पाइप ड्रेनपासून तोडून उघड्यावर सोडला, म्हणजे पाणी वाहिलं की गच्ची ओली दिसेल. संडासाची लाइन मात्र आम्ही तशीच ठेवली. मालकांना ती आधी लबाडी वाटली होती, पण पाच सायकलला जेवढा ब्लोडाऊन हवा, म्हणजे साडेपाच हजार भागिले चार, १,३७५ लिटर, जवळजवळ तेवढंच पाणी संडासात जात होतं. आयता ब्लोडाऊन, आणि तोही कामाला लागलेला. पाइपावर एक मीटर बसवला, बाकी काही नाही. आठवड्याभरात बेसिनची कंडक्टिव्हिटी साडेसातशेच्या आसपास जाऊन स्थिरावली.

दोन सायकलला रोजचा मेकअप ११,००० लिटर होता, पाचला तो ६,८७५ वर आला. महिन्याला दहा हजारी टँकर धरले तर बारा टँकर वाचले. मालकांनी लगेच विचारलं, मग आठ का नाही? आठला मेकअप होतो ६,२८० च्या आसपास, म्हणजे आणखी जेमतेम ६०० लिटर वाचतात, आणि खार धरण्याची भीती मात्र कितीतरी वाढते. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवरच सगळी कमाई असते. तलावाच्या पाण्यावर आम्ही पाच-सहाला थांबतो. दोनवर ठेवण्यातही शहाणपण नाही. इतकं हलकं पाणी लोखंडी पाइप खात सुटतं, जरा घट्ट झालं की तेच पाणी पाइपाला सांभाळून घेतं.

आता आमच्या पोटावर येणारी गोष्ट. केमिकल वाफेबरोबर जात नाही, ते जातं बाहेर पडणाऱ्या पाण्याबरोबर. पाण्यात १०० पीपीएम, म्हणजे लिटरमागे १०० मिलिग्रॅम, केमिकल ठेवायचं तर रोज साडेपाच हजार लिटर बाहेर जाताना ५५० ग्रॅम लागायचं, महिन्याला साडेसोळा किलो. ब्लोडाऊन चौथाईवर आल्यावर लागू लागलं चार किलो. त्या एका ग्राहकाकडची आमची विक्री एका झटक्यात चौथाई झाली. मेहुणा हिशोबाची वही पुढ्यात घेऊन म्हणाला, "दाजी, असे अजून पाच कारखाने दुरुस्त केलेत तर टेम्पो विकावा लागेल."

त्याचं चुकत नव्हतं. किलोवर धंदा करणाऱ्याला गळका टॉवर परवडतो, हे या धंद्यातलं न बोललं जाणारं सत्य आहे. आम्ही बिलाची पद्धत बदलली. टॉवरच्या आकारानुसार महिन्याची ठरावीक रक्कम. केमिकल, तपासणी, सफाई त्यातच. त्यावर ग्राहकांची ओरड ठरलेली: "केमिकल कमी देता आणि पैसे तेवढेच?" तोंडी समजावणं फुकट जातं. मग मेकअपवर एक आणि ब्लोडाऊनवर एक असे दोन पाणीमीटर आमच्या खर्चाने बसवायला लागलो आणि दोन्हींचं रीडिंग बिलावर छापायला लागलो. तरीही काहीजण सोडून गेले, स्वस्त कॅनवाला मिळाला त्यांना. राहिले ते टिकून आहेत.

पैसे ठरावीक झाल्यावर खार धरू न देणं ही आमचीच गरज झाली, म्हणून कडकपणाची, म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची, तपासणी वाढवली. मामा स्वतः करतात. काचेच्या भांड्यात ५० मिली पाणी, थोडा बफर, चिमूटभर इंडिकेटर, की पाणी रेड वाइनसारखं लाल होतं. मग ब्युरेटमधून ईडीटीएचं, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडणारं, द्रावण थेंब थेंब. लालाचं जांभळं होतं तिथे हात आखडायचा आणि स्वच्छ निळं झालं की थांबायचं. साकीनाक्याच्या टॉवरला भरणीचं पाणी ५५ आणि बेसिनचं २७० आलं, म्हणजे कडकपणाचीही सायकल पाचच्या जवळ. कंडक्टिव्हिटी पाच दाखवते आणि कडकपणा साडेतीनच भरतो, तेव्हा समजायचं की राहिलेलं कॅल्शियम पाण्यात नाही, ऑईल कूलरच्या नळ्यांवर बसलंय. ऑईलचं तापमान चढायच्या कितीतरी आधी ही दोन आकड्यांमधली फट दिसते. बरेचजण यासाठी क्लोराइडची तुलना करतात. आम्ही तलावाच्या पाण्यावर ती टाळतो, कारण शेवाळासाठी टाकलेलं हायपोक्लोराइटच क्लोराइड वाढवतं आणि सायकल उगाच जास्त दिसते.

खरी परीक्षा मे महिन्यात. तलाव खाली गेले, पालिकेने कपात जाहीर केली की टँकर सुरू, आणि टँकरमध्ये बहुतेकदा बोअरचं किंवा विहिरीचं पाणी. आमच्या मीटरवर १,४००, कडकपणा ४००. विक्रोळीच्या एका कारखान्यात आधीपासून कोणीतरी बसवलेला ऑटो कंट्रोलर होता: कंडक्टिव्हिटी ७५० च्या वर गेली की ड्रेन उघडायचा, खाली आली की बंद. तलावाच्या पाण्यावर झकास चालायचा. टाकीत निम्मं टँकरचं पाणी आलं आणि भरणीचंच पाणी झालं ७७५. ड्रेन उघडला तो उघडाच राहिला. जितकं काढावं तितकं नवं पाणी यायचं, तेही ७५० च्या वरचंच. रात्रीच्या पाळीत विकतचा अख्खा टँकर गटारात गेला. कंट्रोलर बिचारा सांगितलेलं काम इमानाने करत होता.

तेव्हापासून प्रत्येक कंट्रोलरला आम्ही ड्रेनची कमाल वेळ लावतो, ती संपली की व्हॉल्व्ह बंद आणि भोंगा सुरू. निव्वळ टँकरवर असलो तर सायकल दोनच्या वर नेत नाही. मेकअप पुन्हा वाफेच्या दुपटीवर जातो, नेमका पाणी नसताना, हे मालकाला आधीच सांगून ठेवतो. जिथे जमतं तिथे दोन टाक्या वेगळ्या करायला लावतो: प्यायचं काढून उरलेलं पालिकेचं पाणी टॉवरला, टँकरचं धुण्या-पुसण्याला. पण बऱ्याच गाळ्यांत जमिनीखाली एकच टाकी असते, तिथे नाइलाज.

याला पक्का उपाय म्हणजे भरणीच्या पाइपातही एक प्रोब बसवायचा, म्हणजे कंट्रोलर नुसता आकडा न बघता दोन्ही पाण्यांची पट बघून ड्रेन उघडेल. असे दोन ठिकाणी बसवलेत, खर्च ऐकून बाकीचे मागे सरले. त्या बाकीच्यांसाठी सोय अशी की गेटवरच्या वॉचमनकडे आमचा नंबर आहे. टँकर आत शिरला की तो मिस कॉल देतो, आणि मामा पिशवीत मीटर टाकून सेटिंग बदलायला निघतात.